बोथट तलवारी मागवताना प्रॉपवाल्याला काय लिहावं

प्रश्न: नव्या नाटकाच्या शेवटी रणांगणाचा प्रसंग आहे, चौदा जण मंचावर असतात. तलवारी बनवणाऱ्याला पत्र लिहायला बसलो, पण ‘चौदा बोथट, सुरक्षित तलवारी हव्यात, दिसायला खऱ्या वाटल्या पाहिजेत’ याच्यापुढे गाडी सरकत नाही. एवढं पुरेल का? की आणखी काही लिहायला हवं?

उत्तर:

नाही पुरणार. असं पत्र माझ्याकडे आलं तर मी आधी तुम्हालाच विचारीन, की या चौदांपैकी किती तलवारी एकमेकींवर खरोखर आपटणार आहेत? तलवार दिसते कशी हे मला चित्रावरून कळतं. ती मंचावर करते काय, हे मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही, आणि पातं कशाचं करायचं, किती जाड ठेवायचं, मुठीत कसं बसवायचं हे सगळं त्यावरच ठरतं.

‘बोथट’ म्हटलं की काम झालं असं दिग्दर्शकांना वाटतं. धार नसेल तर पातं कापत नाही हे खरं, पण किलोभर वजनाची पोलादी पट्टी जोरात कपाळावर बसली तर तिला धार असायची गरज नसते. रंगमंचावरच्या तलवारीने इजा होते ती मुख्यतः चार मार्गांनी. टोक डोळ्यात किंवा गळ्यात जातं. आपटून आपटून पात्याच्या कडेला खाचा पडतात आणि त्यांच्या काठावर उचललेली कुसळं हात फाडतात. पातं मुठीपाशी तुटून भिरकावलं जातं. किंवा तलवार इतकी जड असते की प्रसंगाच्या शेवटी नटाचं मनगट थकतं आणि वार ठरल्या जागी थांबत नाही. यातल्या टोकाचा, तुटण्याचा आणि वजनाचा बंदोबस्त मी कार्यशाळेत करू शकतो. कुसळांची काळजी प्रयोगाच्या दिवशी तुमच्या माणसालाच घ्यावी लागते, आणि वार कुठे थांबतो हे तर लढाई बसवणाऱ्याच्या हातात आहे. म्हणून पत्रात ‘सुरक्षित’ हा शब्द एकदा लिहून सोडून देऊ नका.

आता तुमचाच प्रसंग घेऊ. मंचावर चौदा जण आहेत म्हणता, पण प्रेक्षक खऱ्या अर्थाने दोनच लढती बघत असतील. नायक आणि शत्रूचा सेनापती ही एक, आणि दुय्यम पात्रांची एखादी दुसरी. बाकीचे दहा जण मागे धावतात, ओरडतात, पडतात, धुरातून पुढे येऊन परत मागे जातात. हे दहा जण खरे धोक्याचे, कारण लढणाऱ्या चौघांच्या हालचाली मोजूनमापून बसवलेल्या असतात, पण मागच्या दहांच्या बाबतीत ‘तुम्ही तिकडे लढत राहा’ एवढंच सांगितलेलं असतं. अर्धा अंधार, धूर, पाठीमागून धावणारा माणूस आणि हातात लोखंड, हा मेळ मला नको असतो. त्यामुळे त्या दहा जणांना मी धातूचं काही देत नाही. त्यांना रबराच्या किंवा पॉलियुरेथेनच्या ओतीव तलवारी द्यायच्या. आत फायबरग्लासची कांडी, बाहेरून मऊ अंग, वरून धातूचा रंग. कांडी टोकाच्या तीन-चार सेंटिमीटर अलीकडेच संपली पाहिजे, म्हणजे टोक बोटाने दाबलं तर वाकतं. चौथ्या-पाचव्या रांगेच्या मागे बसलेल्यांना ती रबराची आहे हे कळत नाही. आवाजाचं काय, असं विचाराल. चार खऱ्या पात्यांचा खणखणाट सगळ्या मंचाला पुरतो. कान तो आवाज आपणहून मागच्या सैनिकांनाही वाटून देतो.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. रबराची तलवार आणि धातूची तलवार एकमेकींना कधीच भिडू द्यायच्या नाहीत. धातू रबर चिरतो, आतली कांडी उघडी पडते, आणि तुटलेल्या कांडीचं टोक धातूच्या टोकापेक्षा वाईट. म्हणजे तुमच्या चार लढवय्यांपैकी कोणी वाटेत एका सैनिकाला ‘कापत’ पुढे जाणार असेल, तर सैनिकाने तो वार आपल्या तलवारीवर झेलायचा नाही. हवेतल्या हवेत तो पडतो. हे तालमीत ठरवा आणि पत्रातही कळवा.

उरल्या चार. यांच्यासाठी पोलाद की ॲल्युमिनियम हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर मोजणीतून निघतं. लढाई बसवणाऱ्याला विचारा की पात्यावर पातं किती वेळा आदळतं. समजा मुख्य लढतीत ३८ वेळा. चोवीस प्रयोग धरले तर ९१२ आघात झाले, आणि तालमींमध्ये तेवढेच आणखी सहज होतात. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. हाताला सुख, पण तो मऊ. इतक्या आघातांत त्याच्या कडेची करवत होते, दर प्रयोगानंतर कानस मारावी लागते आणि पातं अरुंद होत जातं. आवाजही थोडा बद्द येतो. दुसऱ्या लढतीत दहा-बाराच आघात असतील, तर तिथे ॲल्युमिनियम चालेल, अट एवढीच की दोघांच्याही हातात ॲल्युमिनियमच हवं. एकाकडे पोलाद आणि दुसऱ्याकडे ॲल्युमिनियम असेल तर पोलाद दुसऱ्याला पहिल्याच तालमीत खाऊन टाकतं. मुख्य लढतीसाठी मी स्प्रिंग स्टीलच वापरतो, पाणी देऊन नंतर पुन्हा तापवून चिवट केलेलं. ते वाकतं आणि सरळ होतं. तुटण्यापेक्षा वाकणारं पातं मला नेहमी चालतं.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण याच जागी सगळ्यात जास्त फसगत होते. भिंतीवर लावायच्या शोभेच्या तलवारी स्वस्तात मिळतात, दिसतात झकास, आणि ‘बोथटच आहेत की’ म्हणून त्या तालमीत येतात. त्यांचं पातं बहुधा स्टेनलेसचं असतं. लांब पात्यात ते ठिसूळपणे वागतं. त्याहून वाईट म्हणजे मुठीच्या आत काय आहे ते दिसत नाही. चांगल्या तलवारीत पातंच अरुंद होत होत मुठीतून आरपार जातं आणि शेवटच्या गोळ्यापाशी ठोकून किंवा आटेवाल्या नट-बोल्टने कसून बांधलेलं असतं. शोभेच्या तलवारीत पातं मुठीपाशी संपतं आणि त्याला पेन्सिलीएवढी आटेवाली सळी वेल्डिंगने चिकटवलेली असते. प्रत्येक आघाताचा झटका त्या एका सांध्यावर येतो. बाहेरून काही दिसत नाही, फक्त मूठ हातात किंचित खुळखुळायला लागते. मग एका वाराला नटाच्या हातात नुसती मूठ उरते आणि पाऊण मीटरचं पातं पहिल्या रांगेच्या दिशेने निघतं. नीट बनवलेल्या पात्यातही धोक्याची जागा तीच, जिथे रुंद पातं एकदम अरुंद होऊन मुठीत शिरतं तिथली. तो कोपरा काटकोनात कापलेला असेल तर चीर तिथूनच सुरू होते. म्हणून मी तिथे कोपरा ठेवत नाही, गोलाई देतो. हे वाक्य तुमच्या पत्रात आलं तर समोरच्या कारागिराला लगेच कळतं की या माणसाला गुंडाळता येणार नाही.

मापांबद्दल फार लिहू नका, पण काही आकडे द्याच. कड कमीत कमी २ मिलिमीटर जाड आणि दोन्ही काठ घासून गोल केलेले. टोक अर्धगोल, साधारण १२ ते १५ मिलिमीटर रुंद. ‘मग ती तलवार वाटणार नाही’ अशी तक्रार दिग्दर्शक करतात. वाटते. पातं मुठीपासून टोकापर्यंत निमुळतं होत गेलं की डोळा पुढचं अणकुचीदार टोक स्वतःच पुरं करतो. अर्थात गोल टोकही भोसकायला वापरायचं नसतं. भोसकण्याचा क्षण असेल तर पातं प्रेक्षकांच्या पलीकडच्या बाजूने, अंग आणि हात यांच्यामधून जातं, आणि हे कोनाचं काम आहे, तलवारीचं नाही.

वजन एका हाताच्या तलवारीला ९०० ग्रॅम ते १.१ किलो. मात्र वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. तलवार एका बोटावर आडवी धरली तर ती मुठीच्या आडव्या पट्टीपासून सात-आठ सेंटिमीटर पुढे तोलली पाहिजे. तोल पुढे गेला की तीच तलवार जड वाटते आणि मुख्य म्हणजे उगारल्यावर थांबवता येत नाही. नटाला वार थांबवता येणं हीच त्याच्या जोडीदाराची ढाल.

लांबीचा मुद्दा तालमीशी बांधलेला आहे. मंचावर लढणारे दोघे एकमेकांपासून असे उभे राहतात की हात पूर्ण लांबवला तरी टोक समोरच्याच्या अंगापासून वीतभर अलीकडे राहावं. हे अंतर नट डोक्याने नव्हे, अंगाने शिकतो. समजा सहा आठवडे ७० सेंटिमीटरच्या काठीने तालीम केली आणि रंगीत तालमीच्या दिवशी ७८ सेंटिमीटर पात्याच्या तलवारी हातात आल्या, तर त्या वितेतले आठ सेंटिमीटर गेले. पाय जुन्याच जागी पडणार आणि टोक नव्या जागी पोचणार. म्हणून पत्रात सगळ्यात आधी मागा त्या तालमीच्या नकली तलवारी, लांबीने, वजनाने, तोलाने खऱ्यांसारख्याच. त्यांना नक्षी नसली तरी चालेल.

आता पत्र. तुमचा प्रसंग मला जितका कळला त्यावरून असं लिहिलं आहे, आकडे तुमचे घाला.

“स. न. वि. वि.

आमच्या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात रणांगणाचा प्रसंग आहे. प्रसंग सुमारे सहा मिनिटांचा, मंचावर १४ नट. त्यासाठी तलवारी बनवून हव्या आहेत. त्यांच्याकडून काय काम घेणार आहोत ते खाली लिहितो. साहित्याबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.

पहिली जोडी: नायक आणि सेनापती. पात्यावर पातं ३८ वेळा आदळतं, बहुतेक वार कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर, दोन वार डोक्यावरून येऊन झेलले जातात. शेवटी सेनापतीची तलवार हातातून उडते. तो ती स्वतःच मागच्या पडद्याच्या दिशेने सोडतो, ती लाकडी मंचावर पडते आणि घसरते. रोजच्या पडण्याने मूठ ढिली होणार नाही आणि टोकाला काठ येणार नाही, अशी बांधणी हवी. नायक डावखुरा आहे आणि चामड्याचा हातमोजा घालतो, मुठीत तेवढी जागा असावी. या जोडीसाठी पाणी दिलेलं स्प्रिंग स्टील असावं असं वाटतं. पातं अखंड, मुठीतून आरपार गेलेलं, मुठीपाशी अरुंद होताना कोपरा न ठेवता गोलाई दिलेली. वेल्डिंगचा सांधा नको.

दुसरी जोडी: १२ आघात, पडणं नाही, फेकणं नाही. दोन्ही तलवारी एकाच धातूच्या. ॲल्युमिनियम चालेल का ते तुम्ही सांगा.

बाकी दहा सैनिक: कसलाही आघात नाही. धावतात, पडतात, दोघे तलवारीसकट पायऱ्यांवरून गडगडतात. मऊ अंगाच्या तलवारी, टोकात कांडी नको.

चारही धातूच्या तलवारींची कड २ मि.मी. किंवा जास्त, काठ गोल, टोक अर्धगोल. पात्याची लांबी ७५ से.मी., पोलादी तलवारींचं वजन एक किलोच्या आसपास, मुख्य जोडीच्या दोन्ही तलवारींच्या वजनात आणि तोलात फरक नको. पोलादाची एक तलवार जादा करावी, पहिल्या जोडीशी तंतोतंत जुळणारी. पात्याला आरशासारखी चकाकी नको, समोरून प्रखर दिवे आहेत.

म्यानातून तलवार फक्त नायक उपसतो, तीही एकदाच, प्रेक्षकांकडे तोंड करून. त्याच्यासाठी एक म्यान. बाकीचे तलवारी हातात घेऊनच प्रवेश करतात.

तालीम पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला सुरू होते. तोवर दोन्ही जोड्यांसाठी त्याच लांबीच्या आणि वजनाच्या चार साध्या तलवारी मिळाव्यात. खऱ्या तलवारी पहिल्या प्रयोगाआधी किमान दोन आठवडे हातात हव्यात. लढाई बसवणारे आमच्या बाजूने असतील. पातं बसवण्याआधी त्यांना एकदा तुमच्याकडे पाठवावं असा विचार आहे, सोयीची वेळ कळवावी.

तलवारींसोबत देखभालीचा एक कागद द्यावा: काय तपासायचं, कानस कुठपर्यंत मारायची आणि कोणत्या अवस्थेत तलवार बाद करायची.

कळावे.”

या पत्रात किती तलवारी हव्यात हा आकडा शेवटी आपोआप निघतो. चार लढायच्या, एक जादा, दहा मऊ, चार तालमीच्या. जादाची ती एक लोकांना उधळपट्टी वाटते. पण ऐन प्रयोगाच्या दुपारी एका पात्यात चीर सापडली आणि दुसरी तलवार नसली, तर ‘आजच्या दिवस चालवून घेऊ’ हे वाक्य कोणीतरी म्हणतंच.

देखभालीचा कागद मी का मागायला सांगितला ते सांगतो. दोन पोलादी कडा भिडल्या की इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची बारीक खाच पडते. तिथला धातू नाहीसा होत नाही, दोन्ही बाजूंना वर उचलला जातो. डोळ्यांना तो काठ दिसतही नाही, पण पुढच्या वेळी लढताना एकाचा हात दुसऱ्याच्या पात्यावरून घसरला की रक्त येतं. ओळखायची रीत सोपी. कापसाचा बोळा किंवा जुनं सुती फडकं कडेवरून मुठीकडून टोकाकडे आणि परत उलट फिरवायचं. जिथे धागा अडकतो तिथे कुसळ आहे. बारीक कानस पात्याच्या लांबीच्या दिशेने मारून ते काढायचं आणि वरून पॉलिश पेपर फिरवायचा. आडवी कानस मारू नये, तिचे ओरखडे म्हणजे नव्या चिरांना आमंत्रण. खाच खोल असेल तर तिचा तळही रुंद आणि गोल करून घ्यायचा, टोकदार तळ ठेवायचा नाही. माझ्याकडून गेलेल्या तलवारींबाबत माझा नियम असा की पात्याच्या मुठीजवळच्या एक तृतीयांश भागात आडवी चीर दिसली, केसाएवढी का असेना, की तलवार मंचावर जात नाही. तिला वेल्डिंग करून वाचवायचंही नाही, कारण त्या तापाने दिलेलं पाणी उतरतं आणि सांध्याशेजारचा भाग कमकुवत होतो.

मूठ तपासायला कानाचा उपयोग करा. तलवार सैल धरून पात्यावर लाकडी दांड्याने टिचकी मारल्यासारखं मारलं तर स्वच्छ, लांब नाद येतो. नादात खरखर आली तर मूठ ढिली झाली आहे किंवा कुठेतरी चीर आहे. मुठीचा नट-बोल्ट घट्ट करून पुन्हा ऐका. खरखर तशीच राहिली तर ती तलवार बाजूला. हे सगळं एकाच माणसाने करावं, प्रत्येक तलवारीवर क्रमांक असावा आणि प्रयोगाआधी लढाईची एक हळू आणि एक जवळपास पूर्ण वेगाची फेरी झाल्याशिवाय प्रयोगासाठी तलवारी नटांच्या हाती देऊ नयेत. फेरी झाली की त्या परत कुलपात. नट विंगेत मोकळे असले की त्यांचे हात शिवशिवतात.

माल हातात आला की उघडून लगेच रंग-नक्षी बघू नका. आधी टोकावर तळहात दाबा, कडेवर फडकं फिरवा, बोटावर तोल बघा, दोन्ही जोड्या काट्यावर ठेवा. मग टोक लाकडी फळीवर टेकवून पोलादी पातं हलकेच वाकवा. सोडल्यावर ते सरळ झालं पाहिजे. वाकलेलंच राहिलं तर पाणी नीट बसलेलं नाही, तेव्हाच परत करा. ॲल्युमिनियमला ही चाचणी लावू नका, ते वाकलेलंच राहील.

शेवटचं एक. पत्रात मी ‘लढाई बसवणारे आमच्या बाजूने असतील’ असं लिहिलं आहे. असा माणूस तुमच्याकडे खरोखर नसेल तर ते वाक्य काढा आणि तसं स्पष्ट कळवा. मी तरी मग पोलाद देणार नाही. चौदाही तलवारी मऊ अंगाच्या करीन आणि खणखणाट ध्वनिमुद्रित वापरा म्हणेन. नट पात्यापासून थोडे लांब राहून, ठरल्या ठेक्यावर हालले तर तेही बऱ्यापैकी निभावतं.